दोन मॉडेलांची तुलना एकाच रनवरून करावी का?

प्रबंधार्थी_नागपूर (धागाकर्ती)

नमस्कार. मी नागपुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लिंबूवर्गीय झाडांच्या पानांच्या छायाचित्रांवरून रोग ओळखणे, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. काटोल, नरखेड आणि कळमेश्वर या भागांतील सहा बागांमधून आम्ही २,६०० छायाचित्रे गोळा केली असून त्यांचे निरोगी पान, खैऱ्या, नागअळी आणि जस्ताची कमतरता असे चार वर्ग केले आहेत. त्यांपैकी १,९०० छायाचित्रे ट्रेनिंगसाठी, ३०० व्हॅलिडेशनसाठी आणि ४०० टेस्टसाठी वेगळी ठेवली आहेत.

आमच्या विभागात या कामासाठी आधीपासून रेझनेट-५० वापरले जाते. मी त्याऐवजी एफिशिअंटनेट-बी० वापरून पाहिले. दोन्ही मॉडेले इमेजनेटवर आधीच ट्रेन झालेली घेतली आणि फक्त शेवटचा थर नव्याने बसवून पुढे ट्रेन केली. सीड, म्हणजे यादृच्छिक संख्यांची ओळ जिथून सुरू होते तो आकडा, ४२ ठेवल्यावर रेझनेटची अचूकता ८८.२५ टक्के आणि एफिशिअंटनेटची ९१.५० टक्के आली. सव्वातीन टक्क्यांचा फरक पाहून मार्गदर्शक सरांनी हेच आकडे प्रबंधाच्या तक्त्यात घालण्यास सांगितले. मात्र माझ्या सहाध्यायीने तोच कोड सीड ७ देऊन चालवला, तेव्हा रेझनेटला ९०.०० आणि एफिशिअंटनेटला ८९.७५ मिळाले, म्हणजे क्रमच उलटला.

आता तक्त्यात काय लिहावे? किती सीड पुरेसे समजावेत, आणि निष्कर्ष कोणत्या शब्दांत मांडावा? एका रनला साधारण २५ मिनिटे लागतात, आणि प्रयोगशाळेतील जीपीयू रात्री मोकळा असतो.

---

धरमपेठकर

आपल्या कोडमध्ये सीड नीट बांधलेला दिसत नाही. `torch.manual_seed` देऊन भागत नाही. `torch.backends.cudnn.deterministic = True` करावे लागते आणि `benchmark` बंद ठेवावे लागते. एवढे केल्यावर तोच कोड त्याच यंत्रावर कितीही वेळा चालवला तरी बहुधा तोच आकडा येईल आणि हा घोळ संपेल. आमच्या कार्यालयात सगळ्यांनी ४२ हाच सीड वापरायचा असा नियम आहे, त्यामुळे दोन मॉडेलांची तुलना आपोआप समान पातळीवर होते.

---

अजनीकर

धरमपेठकर यांनी सांगितलेली व्यवस्था उपयोगी आहे, पण ती वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. सीड बांधल्याने काल आलेला आकडा आज पुन्हा मिळतो, एवढाच त्याचा अर्थ. तो आकडा नशिबाने चांगला आला होता की खरोखर चांगला होता, हे त्यातून कळत नाही. ४२ या सीडवर एफिशिअंटनेटला चांगला क्रम लाभला असेल, तर सीड पक्का बांधून आपण तो योगायोगच पुन्हा पुन्हा मिळवत राहू.

येथे यादृच्छिक काय आहे, हे आधी पाहावे. मॉडेल आधीच ट्रेन झालेले असल्यामुळे बहुतेक वजने ठरलेली आहेत. उरते ते शेवटच्या थराचे सुरुवातीचे वजन, प्रत्येक एपॉकमध्ये छायाचित्रे कोणत्या क्रमाने येतात, ऑगमेंटेशनमध्ये कोणते छायाचित्र किती फिरवले किंवा कापले जाते, आणि ड्रॉपआउट. यांपैकी एकही गोष्ट मॉडेलच्या रचनेचा गुण नाही. तरीही १,९०० छायाचित्रांच्या लहान संचावर त्या सगळ्या मिळून अचूकता एक-दोन टक्क्यांनी सहज इकडची तिकडे करतात. आपल्या सहाध्यायीला आलेला अनुभव त्यामुळे अपवाद मानण्याचे कारण नाही.

ही गोष्ट किती दूर जाऊ शकते, याचे एक नोंदलेले उदाहरण आहे. हेंडरसन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये रीइन्फोर्समेंट लर्निंगच्या प्रयोगांत एकच अल्गोरिदम, त्याच सेटिंग्जसह, दहा वेगवेगळ्या सीडवर चालवला आणि त्या दहा रनचे पाच-पाचचे दोन गट केले. दोन्ही गटांच्या सरासरीचे आलेख इतके वेगळे निघाले की पाहणाऱ्याला ते दोन निराळे अल्गोरिदम वाटावेत. आपल्या कामात विखुरणी तेवढी मोठी नसेल, पण तत्त्व तेच आहे.

आपण पाच नवे सीड आधी कागदावर लिहून ठेवा, मग दोन्ही मॉडेले त्या प्रत्येकावर चालवा आणि जे येईल ते सगळे येथे मांडा. ४२ आणि ७ हे सीड मोजणीत धरू नका, कारण त्यांचे निकाल आपण पाहिलेले आहेत आणि त्यांच्यामुळेच हा प्रश्न निर्माण झाला आहे. सोबत दोन गोष्टी सांगा. किती एपॉकनंतर थांबायचे हे कशावरून ठरवले? आणि लर्निंग रेट दोन्ही मॉडेलांसाठी वेगवेगळा शोधला होता का?

---

प्रबंधार्थी_नागपूर (धागाकर्ती)

अजनीकर सर, सविस्तर उत्तराबद्दल आभार. एपॉकची निवड व्हॅलिडेशनच्या ३०० छायाचित्रांवरून होते. टेस्टची ४०० छायाचित्रे शेवटी एकदाच वापरली जातात. लर्निंग रेटसाठी दोन्ही मॉडेलांवर त्याच चार किमती, त्याच व्हॅलिडेशन संचावर तपासल्या होत्या आणि प्रत्येकाला त्याची उत्तम ठरलेली किंमत दिली आहे.

११ ते १५ हे सीड आधी ठरवून रात्री रन लावले. टेस्ट संचावरील अचूकता टक्क्यांत अशी आहे:

रेझनेट-५०: ८८.५०, ९०.२५, ८९.२५, ९०.७५, ८९.००
एफिशिअंटनेट-बी०: ९१.००, ८९.५०, ९१.७५, ८८.७५, ९०.७५

रेझनेटची सरासरी ८९.५५ आणि प्रमाण विचलन ०.९३ आहे. एफिशिअंटनेटची सरासरी ९०.३५ आणि प्रमाण विचलन १.२१ आहे. सव्वातीन टक्क्यांचा फरक ०.८० वर आला. आता एफिशिअंटनेट चांगले आहे असे म्हणता येईल का?

---

कोडवाला_मानेवाडा

यात अवघड असे काही नाही. प्रत्यक्ष वापरात आपण पाचही मॉडेले मोबाइलवर टाकणार नाही. त्यांतले सर्वांत चांगले एकच टाकू. म्हणून तुलना उत्तमाची उत्तमाशी करावी. रेझनेटचा सर्वोच्च आकडा ९०.७५ आणि एफिशिअंटनेटचा ९१.७५ आहे. एफिशिअंटनेट एक टक्क्याने पुढे आहे, विषय संपला.

---

अजनीकर

कोडवाला, एकच मॉडेल वापरात येते हे आपले म्हणणे बरोबर आहे. ते निवडताना मात्र टेस्टचा आकडा पाहून निवडता येत नाही, कारण तसे केले की टेस्ट संच निवडीचाच भाग बनतो आणि त्यावरील अचूकता फुगते. निवड व्हॅलिडेशनवर करावी आणि निवडलेल्या मॉडेलचा टेस्टवरील आकडा द्यावा. ही पूर्ण रीत प्रत्येक मॉडेलसाठी अनेकदा करून पाहिली, तर 'पाचांतून एक निवडणे' या पद्धतींची तुलना होईल, आणि तीही रास्तच आहे.

सर्वोच्च आकड्यात आणखी एक खोट आहे. तो किती प्रयत्न केले यावर अवलंबून असतो. निकाल साधारण घंटाकृती पसरले आहेत असे धरले, तर पाच रनमधील सर्वोच्च निकाल सरासरीच्या सुमारे १.१६ प्रमाण विचलने वर असतो आणि वीस रनमध्ये तो सुमारे १.८७ विचलने वर जातो. म्हणजे विचलन एक टक्का असेल, तर मॉडेलमध्ये काडीचाही बदल न करता केवळ पंधरा रन जास्त केल्याने ०.७ टक्का पदरात पडतो. नव्या मॉडेलवर आपण दिवसेंदिवस बसलेले असतो आणि जुने एकदाच चालवून बाजूला ठेवतो, त्यामुळे हा फायदा नेहमी नव्यालाच मिळतो. सरासरीचे तसे नाही. रन वाढवल्याने ती स्थिर होत जाते, वर सरकत नाही.

आता धागाकर्तीच्या प्रश्नाकडे येतो. सरासरींतील फरक ०.८० आहे. पाच-पाच रनवरून काढलेल्या या फरकाची स्वतःची प्रमाण त्रुटी ०.६८ येते. रन इतके कमी असताना टी-वितरणानुसार तिच्या दोन्ही बाजूंना सुमारे २.३ पट जागा सोडावी लागते, म्हणून ९५ टक्क्यांचे अंतराल सुमारे −०.८ ते +२.४ असे मिळते. शून्य त्याच्या आत आहे. एफिशिअंटनेट दोन टक्क्यांनी चांगले असू शकते, तसेच ते अर्ध्या टक्क्याने वाईटही असू शकते. या दहा रनवरून दोन्ही शक्यता मोकळ्या राहतात. 'फरक नाही' असे सिद्ध झालेले नाही, हेही तितकेच ध्यानात ठेवावे.

खरा फरक ०.८ च्या आसपास असेल आणि विखुरणी आहे तेवढीच राहिली, तर तो पाचपैकी चार वेळा पकडता यावा यासाठी प्रत्येक मॉडेलचे जवळजवळ तीस रन लागतील. दहा झालेले आहेत. उरलेले पन्नास रन २५ मिनिटांच्या हिशोबाने २१ तासांच्या आत होतात. हा खर्च करायचा की नाही हे ०.८ टक्क्याने आपल्या कामात काय बदलते यावरून ठरवावे. मात्र कितीही रन करायचे ठरवले तरी ती संख्या आधी ठरवा. प्रत्येक रनागणिक अंतराल पाहून, ते शून्याच्या बाहेर पडले की थांबायचे, असे करू नका.

---

धरमपेठकर

माझे एक म्हणणे अजून शिल्लक आहे. अजनीकर यांनी दोन्ही गट सुटे धरून हिशोब केला. पण सीड ११ दोन्ही मॉडेलांना सारखाच दिलेला आहे, म्हणून ती जोडी आहे. जोडीनुसार फरक काढला तर सीडमुळे होणारी चढउतार दोन्हीकडून वजा होईल आणि अंतराल अरुंद होईल. संख्याशास्त्रात जोडीची टी-चाचणी याचसाठी असते ना?

---

अजनीकर

जोडीच्या चाचणीबद्दल आपण म्हणता ते तत्त्वतः बरोबर आहे, पण जोडी खरी असावी लागते. येथील आकडेच पाहू. सीडनुसार फरक +२.५०, −०.७५, +२.५०, −२.०० आणि +१.७५ असे येतात. सरासरी अर्थातच ०.८० राहते, पण प्रमाण त्रुटी ०.६८ वरून ०.९२ वर जाते. जोडी लावून अंतराल अरुंद व्हायला हवे होते, ते रुंद झाले. रेझनेटला ज्या सीडवर चांगला आकडा मिळाला, त्याच सीडवर एफिशिअंटनेटलाही चांगला मिळावा असे येथे घडलेले दिसत नाही.

याचे कारण कोडमध्ये आहे. सीड म्हणजे यादृच्छिक संख्यांच्या एका ओळीची सुरुवात. चार वर्गांसाठी रेझनेट-५० च्या शेवटच्या थराला ८,१९२ वजने लागतात आणि एफिशिअंटनेट-बी० च्या थराला ५,१२०. त्यातच मॉडेलचे बाकीचे थर उभे राहतानाही ही ओळ कमी-अधिक वापरली जाते. त्यामुळे छायाचित्रांचा क्रम ठरवण्याची वेळ येते तेव्हा दोन्ही मॉडेले ओळीत निरनिराळ्या जागी उभी असतात, आणि सीड ११ असूनही छायाचित्रे दोघांना वेगळ्या क्रमाने मिळतात. क्रम खरोखर समान हवा असेल, तर डेटालोडरला स्वतःचा जनरेटर द्यावा लागतो:

```python
torch.manual_seed(seed)
model = build_model(name)

g = torch.Generator().manual_seed(seed)
loader = DataLoader(train_set, batch_size=32,
                    shuffle=True, generator=g)
```

एवढे केल्यावरही शेवटच्या थराची सुरुवातीची वजने समान होऊ शकत नाहीत, कारण त्यांचा आकारच वेगळा आहे. एफिशिअंटनेटमध्ये ड्रॉपआउट आहे, रेझनेट-५० मध्ये ते नाही. म्हणून भिन्न रचनेच्या मॉडेलांना एकच सीड देण्याने फार थोडे साधते. टेस्ट संच एकच असणे, विभागणी एकच असणे या मात्र खऱ्या जोड्या आहेत.

---

वर्धा_रोड_आयटी

विषय थोडा बाजूला जातो आहे, पण मला आलेली अडचण याच प्रकारची आहे. आम्ही मराठी तक्रारींचे वर्गीकरण करण्यासाठी बर्ट जातीचे एक मॉडेल लहान संचावर फाइनट्यून करतो. पाच सीडवर अचूकता ८१, ८२, ८०.५, ८१.५ आणि ४७ अशी आली. सरासरी ७४.४ आणि विचलन १५.३. वरिष्ठांना हा आकडा दाखवला तर मॉडेलच टाकून द्या म्हणतील. ४७ चा रन 'बिघडलेला' म्हणून गाळला तर चालेल का? त्या रनमध्ये मॉडेल प्रत्येक तक्रारीला एकच वर्ग देत होते.

---

अजनीकर

गाळू नका, आणि ७४.४ ± १५.३ असेही लिहू नका. सरासरीत विचलन मिळवले तर ८९.७ होतात, आणि आपला एकही रन तिथपर्यंत पोहोचलेला नाही. निकाल दोन ठिकाणी गोळा झालेले असताना सरासरी त्या दोहोंच्या मध्ये, जिथे एकही रन नाही अशा जागी पडते. अशा वेळी पाचही आकडे तसेच छापावेत आणि 'पाचपैकी एक रन कोसळला, उरलेल्या चारांची सरासरी ८१.२५' असे दोन भागांत सांगावे. जे मॉडेल पाचात एकदा कोसळते ते वापरणाऱ्याला ती गोष्ट कळायला हवी.

कोसळण्यावर उपायही आहे. बर्टच्या फाइनट्यूनिंगमध्ये सुरुवातीलाच ग्रेडियंट नाहीसे होऊन मॉडेल अडकते, हे चांगले अभ्यासले गेले आहे. लर्निंग रेट कमी ठेवणे, तो पहिल्या काही पावलांत हळूहळू वाढवणे आणि ॲडममधील बायस करेक्शन चालू असल्याची खात्री करणे, याने बहुतेक वेळा काम होते. मात्र हा बदल केला की ज्याच्याशी तुलना करता आहात त्या मॉडेललाही तीच संधी द्या आणि पाचही सीड पुन्हा चालवा.

---

कळमेश्वरचा_बागायतदार

नमस्कार. मला यातले गणित कळत नाही, पण पाने कळतात, म्हणून लिहितो. या दोहोंपैकी मोबाइलवर कोणते मॉडेल चालते आणि ते आमच्यासारख्यांना मिळेल का, हे कोणी सांगितले तर बरे होईल. आमच्याकडे कागदी लिंबाच्या नवतीवर आधी नागअळी येते आणि मागोमाग खैऱ्या दिसतो. अळीने पोखरलेल्या जागेतून खैऱ्याचे जिवाणू आत शिरतात. अशा पानाला तुम्ही कोणत्या वर्गात टाकता?

---

प्रबंधार्थी_नागपूर (धागाकर्ती)

काका, ॲप अजून तयार नाही. मोबाइलसाठी एफिशिअंटनेट-बी० आकाराने खूपच लहान असल्यामुळे सोयीचे पडेल, हे मात्र अचूकतेच्या वादाशिवायही खरे आहे.

आपल्या प्रश्नामुळे मी एक गोष्ट तपासली. टेस्टच्या ४०० छायाचित्रांपैकी ज्यांचे उत्तर सीडनुसार बदलते अशी छायाचित्रे वेगळी काढून एकेक उघडून पाहिली. बहुसंख्य पाने आपण वर्णन केलेल्या प्रकारचीच निघाली. पानावर नागअळीची चांदीसारखी नागमोडी रेषा आहे आणि त्याच रेषेच्या कडेला पिवळ्या वलयाचे खरबरीत ठिपके आहेत. आमच्या नियमाप्रमाणे पानाला एकच वर्ग द्यायचा असल्यामुळे नोंद करणाऱ्याने कधी नागअळी तर कधी खैऱ्या असे लिहिले आहे. दोन्ही मॉडेले या पानांवर दोलायमान राहतात, आणि कोणता सीड 'चांगला' ठरतो हे बरेचसे याच पानांवर ठरते.

---

गणिताच्या_बाई

मी संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. मॉडेलांच्या आतील रचना मला माहीत नाही, पण आकड्यांविषयी दोन गोष्टी सुचतात.

पहिली लिहिण्याविषयी. ९०.३५ ± १.२१ आणि ९०.३५ ± ०.५४ हे दोन्ही एकाच पाच रनचे खरे वर्णन आहे. पहिल्यात प्रमाण विचलन आहे, दुसऱ्यात सरासरीची प्रमाण त्रुटी. पुढचा एखादा रन साधारण कुठे पडेल हे वाचकाला सांगायचे असेल, तर पहिले द्यावे; सरासरी किती पक्की आहे हे सांगायचे असेल, तर दुसरे. तक्त्याखाली कोणते दिले आहे आणि रन किती, हे लिहिले नाही तर त्या ± चिन्हाला अर्थ राहत नाही. मला तपासायला आलेल्या प्रबंधांत ते बहुधा लिहिलेले नसे, आणि आकडा लहान दिसावा म्हणून दुसराच प्रकार निवडलेला असे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. छायाचित्रे सहा बागांमधून आली आहेत, पण टेस्टची ४०० छायाचित्रे कशी वेगळी काढली? सगळ्यांची सरमिसळ करून काढली असतील, तर एकाच झाडाची पाने ट्रेनिंगमध्येही असतील आणि टेस्टमध्येही. त्या स्थितीत आपण कितीही सीड चालवले तरी सीडची विखुरणी एवढेच सांगते की याच छायाचित्रांवर ट्रेनिंग पुन्हा केले तर आकडा किती हलेल. नव्या बागेत गेल्यावर तो किती हलेल, याविषयी ती काहीच बोलत नाही.

---

प्रबंधार्थी_नागपूर (धागाकर्ती)

बाई, विभागणी सरमिसळ करूनच केलेली होती. आपल्या सूचनेवरून प्रयोग नव्याने आखला. प्रत्येक वेळी पाच बागांवर ट्रेनिंग आणि सहाव्या बागेवर टेस्ट, प्रत्येक बागेसाठी दोन्ही मॉडेलांचे तीन-तीन सीड. असे एकूण ३६ रन झाले. तीन सीडची सरासरी घेऊन बागनिहाय अचूकता अशी आहे:

रेझनेट-५०: ९१, ८४, ८८, ७९, ९०, ८६
एफिशिअंटनेट-बी०: ९२, ८६, ८८.५, ८२, ९०.५, ८८

सरासरी अनुक्रमे ८६.३ आणि ८७.८ येते, पण बागांमधील विचलन ४.४ आणि ३.५ इतके मोठे आहे. चौथी बाग फारच अवघड निघाली. तेथील छायाचित्रे संध्याकाळच्या उजेडात काढलेली आहेत. ८६.३ ± ४.४ आणि ८७.८ ± ३.५ असे शेजारी लिहिले की दोन्ही सारखेच वाटतात. मग आधीपेक्षा परिस्थिती आणखी अस्पष्ट झाली, असेच समजायचे का?

---

गणिताच्या_बाई

नाही, उलट आता ती स्पष्ट झाली. दोन ± एकमेकांवर आले म्हणजे फरक नाही, असा समज फार पसरलेला आहे आणि तो येथे दिशाभूल करतो. बाग दोन्ही मॉडेलांना समान आहे. अवघड बाग दोघांनाही अवघड जाते. धरमपेठकर ज्या जोडीविषयी बोलत होते ती जोडी येथे खऱ्या अर्थाने आहे. म्हणून स्तंभांची विचलने बाजूला ठेवून बागेगणिक फरक काढा: १, २, ०.५, ३, ०.५, २. सहाही फरक एकाच बाजूचे आहेत. सरासरी फरक १.५, फरकांचे विचलन १.०, आणि सहा नोंदींसाठी ९५ टक्क्यांचे अंतराल सुमारे ०.४५ ते २.५५. शून्य बाहेर आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. येथे नोंदी सहा आहेत, अठरा नाहीत. एका बागेतील तीन सीड ही तीन स्वतंत्र साक्षींसारखी धरून हिशोब केला, तर अंतराल उगाच अरुंद होते. बागेची सरासरी आधी काढून मगच पुढे जावे, आणि आपण तसेच केले आहे.

---

अजनीकर

बाईंच्या हिशोबाशी मी सहमत आहे, पण त्या अंतरालावर मी तेवढा विसंबणार नाही. कोणत्याही दोन वेळच्या ट्रेनिंग संचांत चार बागा समान आहेत. त्यामुळे ते सहा फरक एकमेकांपासून पूर्ण सुटे नाहीत आणि खरे अंतराल ०.४५ ते २.५५ पेक्षा रुंद असण्याची शक्यता आहे. किती रुंद, याचा सर्वमान्य हिशोब नाही. शिवाय या सहाही बागा नागपूर जिल्ह्यातल्याच आहेत.

---

गणिताच्या_बाई

आक्षेप योग्य आहे. तरीही सहापैकी सहा फरक एका बाजूला पडणे ही गोष्ट मी संचांच्या सामाईकपणावर पूर्णपणे ढकलणार नाही. बागा वाढवणे हाच खरा मार्ग. सीड तीनवरून तीस केल्याने येथे फारसा लाभ होणार नाही, कारण मोठी विखुरणी बागांमध्ये आहे.

---

कोडवाला_मानेवाडा

म्हणजे शेवटी एफिशिअंटनेटच जिंकले. मी हेच पहिल्या दिवशी म्हटले होते.

---

प्रबंधार्थी_नागपूर (धागाकर्ती)

प्रबंधात घालण्यासाठी पुढील मजकूर तयार केला आहे. कृपया तपासावा.

'सरमिसळ विभागणीवर, प्रत्येकी पाच सीडच्या आधारे, दोन मॉडेलांच्या सरासरी अचूकतेत ०.८० टक्क्यांचा फरक आढळला. त्याचे ९५ टक्के अंतराल −०.८ ते +२.४ असल्याने क्रम ठरवता येत नाही. बागनिहाय विभागणीवर (सहा बागा, प्रत्येकी तीन सीड) एफिशिअंटनेट-बी० सर्व सहा बागांत पुढे असून सरासरी फरक १.५ टक्के आणि त्याचे ९५ टक्के अंतराल सुमारे ०.४५ ते २.५५ आहे. ट्रेनिंग संच अंशतः समान असल्याने या फरकाची अनिश्चितता येथे दिलेल्यापेक्षा अधिक असू शकते. एफिशिअंटनेट-बी० हे मॉडेल श्रेष्ठ आहे.'

सरांना पाच-पाच आकड्यांचा तक्ता लांबलचक वाटतो. त्यांना एकच ओळ हवी आहे.

---

अजनीकर

शेवटचे वाक्य काढून टाका, बाकीचा मजकूर ठेवा. 'पुढे असून' च्या आधी 'या सहा बागांवर, या लर्निंग रेट शोधासह' एवढे जोडा. नोंदींच्या नियमाविषयीही एक परिच्छेद हवा, कारण बागायतदारांनी दाखवलेली दुहेरी लक्षणांची पाने दोन्ही तक्त्यांत बसलेली आहेत. सरांना एक ओळ हवी असेल तर ती सरासरी, विचलन आणि रनची संख्या यांसह मुख्य तक्त्यात द्या आणि सगळे रन परिशिष्टात.

---

धरमपेठकर

परिशिष्टासोबत सीएसव्ही फाइलही ठेवावी: मॉडेल, बाग, सीड, निवडलेला एपॉक, व्हॅलिडेशन अचूकता, टेस्ट अचूकता आणि लायब्ररीची आवृत्ती. कार्यालयातील ४२ च्या नियमाविषयी मी सोमवारी बोलणार आहे. आमच्याकडे एका रनला नऊ तास लागतात. तिथे पाच सीड कुठून आणायचे, याचे उत्तर कोणाकडे असेल तर येथे लिहावे.

---

वर्धा_रोड_आयटी

नऊ तासांच्या रनचा प्रश्न आम्हालाही आहे. आम्ही तीन सीडवर थांबतो आणि तिन्ही आकडे छापतो, विचलन काढत नाही. यापेक्षा बरे काही आहे का?